बीपीच्या गोळ्यांवर चार मिनिटांचा व्हिडिओ: संहितेची भाषा बोली ठेवायची, पण वैद्यकीय चूक नको. मत हवंय

सांजवाट

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेसाठी व्हिडिओची संहिता लिहितेय. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगर तपासणीच्या दिवशी बाकावर नंबर लावून बसलेली माणसं तो भिंतीवरच्या टीव्हीवर बघणार. म्हणजे बघणाऱ्यांना बीपी आहे हे आधीच माहीत आहे आणि बहुतेकांच्या गोळ्या सुरू आहेत. अडचण एकच आहे. दोन-तीन महिने गोळी घेतात, बीपी नॉर्मल आला की बंद करतात आणि पुन्हा वर्षभराने उगवतात. व्हिडिओने एवढं एकच काम करायचं: गोळी स्वतःच्या मनाने बंद होऊ नये.

संस्थेने मला आधार म्हणून दिलेला मजकूर असा सुरू होतो: "उच्च रक्तदाब हा असंसर्गजन्य आजार असून त्यावर नियमित औषधोपचार घेणे अत्यावश्यक आहे. डोकेदुखी, चक्कर येणे, छातीत धडधड ही त्याची लक्षणे होत." माहितीपत्रकात हे खपून जाईल, पण माणसाच्या तोंडी घालता येत नाही. म्हणून मी दोघांचा संवाद केलाय. मामा ५८ वर्षांचे, शेती करतात. सिस्टर केंद्रातल्याच.

सिस्टर: (दंडाला पट्टा बांधत) काय मामा, पाऊस झाला का तुमच्याकडे?
मामा: झाला की थोडाफार.
सिस्टर: हं, एकशे अठ्ठावीस-ऐंशी. बीपी नॉर्मल आलाय.
मामा: मग आता गोळी बंद करू का?
सिस्टर: नाही मामा. उच्च रक्तदाब बरा होत नाही. गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.
मामा: पण मला काही त्रासच होत नाही.
सिस्टर: त्रास झाला नाही तरी आतून धोका असतो. नियमित गोळी घ्या, टेन्शन घेऊ नका, वरून मीठ घेऊ नका.

कुठे बोली सुटतेय आणि कुठे बोलीच्या नादात अर्थ चुकतोय, दोन्ही सांगा.

शब्दांकित

उपक्रम चांगला आहे. पण 'बीपी' कशाला? 'रक्तदाब' हा सोपा, रुळलेला शब्द आहे. आपणच वापरला नाही तर लोक कुठून वापरणार? माझ्या मते पूर्ण संहितेत 'रक्तदाब', 'मूत्रपिंड', 'पक्षाघात' हेच शब्द असावेत. शिवाय प्रमाणभाषा सगळ्या जिल्ह्यांत कळते, हा व्यावहारिक फायदाही आहे.

आणि एक सुचवतो. नुसतं 'वरून मीठ घेऊ नका' म्हणण्यापेक्षा साध्या मिठाऐवजी सैंधव वापरा असं सांगा. ते नैसर्गिक असतं, त्याने रक्तदाब वाढत नाही.

जाईजुई

मी आरोग्य सेविका होते, आता निवृत्त आहे. उपकेंद्रात बीपी बघण्यात बरीच वर्षं गेली, तेवढ्यावरून लिहिते.

शब्दांकित, 'रक्तदाब' लोकांना कळतो. पण स्वतःबद्दल बोलताना कुणी तो वापरत नाही. "मला बीपी आहे" असंच म्हणतात आणि त्याचा अर्थ बीपी वाढलेला आहे असाच असतो. टीव्हीवर 'उच्च रक्तदाब' ऐकला की हे दुसऱ्याच कुठल्या मोठ्या आजाराचं चाललंय असं बाकावरच्या बाईला वाटतं, कारण तिला तर 'थोडासा बीपी' आहे. एकदा सुरुवातीला "बीपी, म्हणजे वाढलेला रक्तदाब" असं जोडून द्या आणि पुढे बीपीच म्हणा.

सांजवाट, तुमच्या संवादातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य "टेन्शन घेऊ नका" हे आहे. डॉक्टर केसपेपरवर हायपरटेन्शन लिहितात, पोराने ते वाचून दाखवलं की घरात ठरतं की आईला टेन्शनमुळे झालंय. मग लेकीचं लग्न पार पडलं, कर्ज फिटलं की बाई म्हणते, "आता मला कसलं टेन्शन नाही, मग बीपी कुठून असेल?" आणि गोळी बंद. मी हे शेकडो तोंडांनी ऐकलंय. गोळी बंद होऊ नये यासाठीच व्हिडिओ असेल तर त्यात 'टेन्शन' हा शब्द आला की आपणच कारण पुरवलं असं होतं.

मुक्काम पोस्ट

माझ्या आईची केस अगदी अशीच आहे म्हणून विचारतो. ती ६६ वर्षांची आहे. दवाखान्यात बीपी १६०/९० येतो, घरी डिजिटल मशीनवर १२८/७८. डॉक्टरांनी गोळी सुरू करू म्हणून सांगितलंय. घरी नॉर्मल असताना गोळी का घ्यायची? मशीन चांगल्या कंपनीचं आहे. इथे कुणी डॉक्टर असतील तर सांगा, सुरू करू की नको?

कडुनिंब

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. संहितेवर लिहायचं बरंच आहे, पण आधी मुक्काम पोस्ट यांना उत्तर देतो.

आईंचा प्रश्न इथे सुटणार नाही, पण डॉक्टरांना उपयोगी पडेल असं काहीतरी तुम्ही करू शकता. काहींचा बीपी दवाखान्यात पाऊल ठेवलं की चढतो, हे खरं आहे. ते ठरवायला आठवडाभर रोज सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसून, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि सगळे आकडे वहीत लिहा. चांगले आलेले तेवढेच नको, सगळे. पहिल्या दिवशीचे सोडून बाकीच्यांची सरासरी बघतात. घरच्या मोजणीत १३५/८५ ही सीमा धरतात, दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीची. वही आणि मशीन दोन्ही डॉक्टरांकडे न्या. पट्टा दंडाला तोकडा पडत असेल तर आकडा खोटा वाढतो आणि मशीन मनगटावरचं असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका.

शब्दांकित, सैंधवाचं तेवढं मागे घ्यावं ही विनंती. सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बीपीच्या दृष्टीने दोन्ही मिठं सारखीच. उलट सैंधव चालतं म्हणून लोक हात सैल सोडतात.

आता संहिता.

जाईजुईंचं टेन्शनबद्दलचं म्हणणं मी रोज अनुभवतो. मानसिक ताणाने बीपी तेवढ्यापुरता चढतो, हे बरोबर आहे. पण ताण गेला म्हणजे आजार गेला असं होत नाही. चार मिनिटांत हा बारकावा मांडता येणार नाही, तेव्हा तो शब्द गाळलेलाच बरा.

दुसरं, संस्थेच्या मजकुरातली 'लक्षणे'. बहुतेकांना वाढलेल्या बीपीचं कोणतंही लक्षण नसतं. डोकेदुखी आणि चक्कर ही लक्षणं म्हणून सांगितली की ऐकणारा त्याचा उलटा अर्थ लावतो: डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही. माझ्याकडे १८० वरचा बीपी घेऊन चालत येणारी, "मला काही होत नाही" म्हणणारी माणसं नेहमीची आहेत. तुमच्या मामांचं "मला काही त्रासच होत नाही" हे वाक्य म्हणूनच सोन्यासारखं आहे, ते काढू नका. पण सिस्टरचं उत्तर बदला. "आतून धोका असतो" याने काहीच कळत नाही. "बीपी वाढला तरी तो कळत नाही मामा, मोजल्याशिवाय कळतच नाही," असं स्वच्छ म्हणू दे.

तिसरं म्हणजे "बरा होत नाही, आयुष्यभर घ्यावी लागते." यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण व्हिडिओचा सगळा भार याच वाक्यावर आहे.

एक तर हे पूर्ण खरं नाही. वजन बरंच उतरलं, मीठ आणि दारू कमी झाली, तर काहींच्या गोळ्या आम्ही कमी करतो, क्वचित थांबवतोही. मग शेजारच्याची गोळी डॉक्टरांनीच कमी केलेली मामांना दिसते आणि व्हिडिओ खोटा ठरतो. दुसरं म्हणजे 'आयुष्यभर' ऐकताच माणूस हादरतो. पहिल्याच भेटीत हा शब्द वापरला तर काही जण दुसऱ्या भेटीला येतच नाहीत. अचूक आणि पुरेसं वाक्य माझ्या मते असं: "बीपी आटोक्यात आहे तो गोळीमुळे. गोळी कमी करायची, बदलायची की थांबवायची, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही आपल्या मनाने बंद करायची नाही."

ध्वनिपेटी

आवाजाचं काम करतो, अशा बऱ्याच माहितीपटांना आवाज दिलाय. माझ्या बाजूचं सांगतो.

केंद्राबाहेर गोंगाट असतो, पोरं रडत असतात, नाव पुकारलं की लोक उठून जातात. तिथे वाक्याचं क्रियापद शेवटी लांब पडलं की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मी मिनिटाला ११० शब्दांच्या वर जात नाही. संवाद असेल तर त्याहूनही कमी, कारण दोघांच्या मध्ये श्वास लागतो. चार मिनिटांत पावणेचारशे-चारशे शब्द धरा. महत्त्वाचं वाक्य दोनदा यावं आणि दुसऱ्यांदा ते पेशंटच्या तोंडी यावं.

आकडे लिहिताना अक्षरात लिहा. कागदावर १४०/९० असलं की कुणी 'एकशे चाळीस बाय नव्वद' वाचतो, कुणी 'छेद', कुणी 'वन फॉर्टी नाइन्टी'. एकच ठरवा. "एकशे चाळीस-नव्वद" हे ऐकायला सर्वांत नैसर्गिक वाटतं.

एक प्रश्न आहे. बीपी वाढला, वाढली की वाढलं? माझ्याकडे तिन्ही प्रकारच्या संहिता आल्यात.

वऱ्हाडी मन

आमच्याकडे 'बीपी वाढली' म्हणतात. 'बीपी वाढला' ऐकलं की पुण्याचं वाटते, पण समजते. साताऱ्यासाठी असेल तर तिथलंच ठेवा. नंतर विदर्भात दाखवायचा असेल तर आवाज दुसरा करा, खाली अक्षरं टाकून भागणार नाही. लकव्यालाही तुमच्याकडे वेगळं म्हणत असतील.

जाईजुई

आमच्या भागात 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. व्हिडिओत ते यायला हवं, कारण 'पक्षाघात' म्हटल्यावर माणूस हलत नाही आणि "अंगावरून वारं गेलं" म्हटल्यावर गप्प होऊन ऐकतो. प्रत्येकाच्या भावकीत एक तरी असं माणूस खाटेवर असतं.

पण कडुनिंब सर, माझ्या मनात एक शंका आहे. 'वारं' म्हटलं की लोक तेल-मालिशीच्या वाटेला लागतात, दवाखान्याला उशीर होतो. तेव्हा शब्द वापरावा की न वापरावा?

कडुनिंब

वापरा, पण कारण त्याच वाक्यात सांगा. "अंगावरून वारं जातं ना, ते मेंदूची रक्तवाहिनी तुंबून नाहीतर फुटून. बीपी वाढलेला राहिला की तो धोका वाढतो." एवढ्याने वाऱ्याचा आणि मेंदूचा सांधा जुळतो. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. पण हा तपशील या व्हिडिओत नको, त्याला स्वतंत्र व्हिडिओ लागेल. इथे एका वाक्यापुढे जाऊ नका.

किडनीला 'किडनी'च म्हणा. मूत्रपिंड म्हटल्यावर काही जण लघवीच्या जागेकडे बोट दाखवतात.

मला आणखी एक गोष्ट नीट करून हवी आहे, ती म्हणजे चित्र. तुमच्या दृश्यात सिस्टर पट्टा बांधता बांधता पावसाचं विचारते आणि मामा उत्तर देतात. संवाद म्हणून छान आहे, पण मोजताना बोललं की बीपी सहज दहा-पंधराने चढतो. बघणारे आणि कदाचित तिथल्या नवीन सिस्टरही तेच शिकतील. पाऊसपाणी आधी होऊ दे. मग मामा खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून बसलेले दिसू देत. तपासणीच्या उंच टेबलावर पाय लोंबकळत नकोत, पायावर पाय नको. सदऱ्याची बाही वर सरकवून तिचा दंडाला आवळा बसला तरी आकडा चुकतो, म्हणून हात बाहीतून बाहेर काढलेला आणि टेबलावर छातीच्या उंचीला टेकवलेला हवा. हात खाली लोंबत असेल तर आकडा जास्त येतो. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेली नको आणि लघवीला जाऊन यायचं. हे सगळं बोलून दाखवू नका, फक्त तसं चित्रित करा. मशीन चालू असताना दोघंही गप्प.

ध्वनिपेटी

मला हे फार आवडलं. मशीनची घरघर आणि अर्धा-पाऊण मिनिट शांतता. गोंगाटात अचानक टीव्ही गप्प झाला की माणसं मान वर करून बघतात. लगेच आकडा सांगितला तर तो लक्षात राहील.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे तर १३०/८० पासूनच हाय बीपी म्हणतात, २०१७ पासून ती सीमा खाली आणली. तुम्ही १४०/९० सांगून लोकांना खोटा धीर देत नाही का? माझे बाबा कोल्हापूरला असतात, त्यांना १३६ ला "नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवलं. मला ते पटलं नाही.

कडुनिंब

तुमची शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या संस्थांनी २०१७ मध्ये सीमा १३०/८० केली. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात निदानासाठी १४०/९० धरतात, तेही एकदा बघून नाही, वेगवेगळ्या दिवशी मोजून. मधुमेह किंवा किडनीचा विकार असेल तर आम्हीही १३० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करतो. तुमच्या बाबांना आणखी काय आजार आहेत त्यावर ते ठरेल. १३६ दुर्लक्ष करण्यासारखा नाही, हे मलाही मान्य आहे.

पण केंद्रातल्या सिस्टरच्या समोरच्या कार्डावर १४०/९० असताना भिंतीवरचा टीव्ही १३०/८० म्हणाला तर पेशंटचा दोघांवरचाही विश्वास उडेल. व्हिडिओ त्या केंद्रासाठी आहे, तेव्हा आकडा तिथलाच हवा.

हडसनकाठ

मग आकडाच सांगू नका. "तुमचा आकडा किती असावा ते डॉक्टरांना विचारा" एवढं पुरे.

जाईजुई

आकडा हवाच, ताई. आकडा नसेल तर माणूस घरी काय सांगणार? "एकशे चाळीस-नव्वदच्या खाली" हे माझ्या पेशंटना पाठ असायचं. आणि दोन्ही आकडे सांगा. "खालचा वाढला तरच भीती, वरचा काय वयाने वाढतो" हा समज गावागावांत आहे.

कडुनिंब

खरं आहे. पन्नाशीच्या पुढे तर वरच्या आकड्यानेच जास्त नुकसान होतं. दोन्हींपैकी एक जरी चढलेला असला तरी तो बीपीच. 'वरचा' आणि 'खालचा' हे शब्द अचूकच आहेत, तिथे सिस्टॉलिक-डायस्टॉलिक आणायची काहीच गरज नाही.

शब्दांकित

सैंधवाचं मान्य. मला ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कळलं होतं. भाषेबद्दलचं माझं मत मात्र सोडत नाही. आज बीपी, उद्या किडनी, परवा ब्रेन स्ट्रोक, असं करत मराठी उरतच नाही. निदान पडद्यावर 'रक्तदाब' आणि 'मूत्रपिंड' अशी अक्षरं दिसावीत, बोलताना काहीही म्हणा.

सांजवाट

शब्दांकित, अक्षरांचं तुमचं म्हणणं घेते. सुरुवातीला पडद्यावर 'रक्तदाब' येईल.

मिठाचं काय करू? "वरून मीठ घेऊ नका" हे संस्थेने सक्तीचं केलंय.

जाईजुई

ते वाक्य ऐकून बाया काय करतात सांगते. ताटातलं मीठ बंद करतात आणि आमटीत तेवढंच वाढवतात. 'कच्चं मीठ वाईट, शिजवलेलं चालतं' असा पक्का समज आहे. काही घरांत तर मीठ तव्यावर भाजून ठेवतात.

मी पुडीचा हिशेब सांगायचे. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर, तेही सपाट. चार माणसांच्या घरात दिवसाला वीस ग्रॅम. किलोची पुडी पन्नास दिवस पुरायला हवी. "तुमची किती दिवस पुरते?" विचारलं की बाई बोटं मोजते आणि म्हणते, "महिन्याला एक लागते की." म्हणजे माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलं. आणि त्यात विकतचं लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी धरलेलीच नाही. ग्रॅम कुणाला समजत नाहीत, पण पुडी संपल्याची तारीख प्रत्येकीला माहीत असते.

कडुनिंब

हा हिशेब उत्तम आहे, पण याला दुसरा व्हिडिओ करा. या चार मिनिटांत गोळी आणि मीठ दोन्ही घातलं तर लोक मीठच घेऊन घरी जातील: "मीठ कमी केलंय, आता गोळी कशाला?" सक्तीचंच असेल तर "गोळी चालू ठेवून मीठही कमी करा, ताटातलं आणि भाजीतलंही" असं एकत्र बांधा. दुसऱ्या व्हिडिओत सोडियम कमी असलेल्या मिठाबद्दल बोलणार असाल तर आधी मला विचारा. त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा विकार असलेल्यांना किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असलेल्यांना ते डॉक्टरांना न विचारता देऊ नये.

आता गोळी बंद केल्यावर नेमकं काय होतं ते लिहितो, कारण मामांना पटवायचं असेल तर त्यांच्या अनुभवाशी भांडून चालणार नाही. बऱ्याच जणांची पहिली गोळी अम्लोडिपिन असते. ती अंगातून सावकाश उतरते. मामांनी सोमवारी गोळी सोडली तर मंगळवारी, बुधवारी बीपी जवळपास तेवढाच दिसतो. ते म्हणतात, "बघा, गोळीशिवाय पण नॉर्मल." पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत तो हळूहळू जुन्या जागी जातो, तेव्हा कुणी मोजत नाही. म्हणून "गोळी सोडली की लगेच त्रास होईल" अशी भीती घालू नका, मामांनी ते करून बघितलेलं असतं आणि तुम्ही खोट्या पडता. काही दुसऱ्या गोळ्या अशा आहेत की एकदम सोडल्या तर बीपी उसळतो, पण मामांना तो फरक कळायची गरज नाही.

मी पेशंटना चष्म्याचं सांगतो. चष्मा लावला की नीट दिसतं, म्हणून नजर सुधारली असं कुणी म्हणत नाही. पण तुलना इथेच संपते आणि ते सांगावंच लागतं: चष्मा काढला की लगेच धूसर दिसतं, गोळी सोडली तर काहीच जाणवत नाही.

मुक्काम पोस्ट

धन्यवाद डॉक्टर. वही सुरू केली. आणखी एक. आई म्हणते बीपीच्या गोळीने रक्त पातळ होतं आणि जखम झाली तर थांबत नाही. खरं आहे का?

कडुनिंब

नाही. रक्त पातळ करायची म्हणतात ती गोळी वेगळी, ती हृदयविकार किंवा लकव्यानंतर देतात. एकाच पाकिटातून दोन्ही मिळतात म्हणून गल्लत होते. सांजवाट, हा प्रश्न मामांच्या तोंडी घालायला हरकत नाही, फार जणांच्या मनात असतो.

सांजवाट

मी नव्याने लिहिलंय. रक्त पातळ होण्याचा प्रश्न घातला तर शब्द चारशेच्या पुढे जातात, म्हणून सध्या बाहेर ठेवलाय. मधला मुख्य भाग देते. पाऊसपाणी आधीच झालंय. मामा पाठ टेकून बसलेत, मशीन चालतंय, दोघं गप्प. मशीन थांबतं.

सिस्टर: एकशे अठ्ठावीस-ऐंशी. मामा, बीपी आटोक्यात आहे.
मामा: म्हणजे गेला म्हणायचा?
सिस्टर: गेला नाही. गोळीने धरून ठेवलाय.
मामा: अहो, पण मला काहीच होत नाही. डोकं नाही दुखत, चक्कर नाही.
सिस्टर: बीपीचं तसंच असतं. वाढला तरी कळत नाही. मोजल्याशिवाय कळतच नाही.
मामा: मी मागं दोन दिवस सोडून बघितली होती. काही झालं नाही.
सिस्टर: दोन दिवसांत नाहीच व्हायचं. गोळीचा असर हळूहळू उतरतो. पंधरा दिवसांनी मोजला असता तर दिसलं असतं. तुम्हाला चष्मा आहे ना?
मामा: आहे की.
सिस्टर: लावला की नीट दिसतं. म्हणून डोळे बरे झाले का? गोळीचं तसंच आहे. फक्त चष्मा काढला की लगेच कळतं, गोळी सोडली तर कळत नाही.
मामा: (थांबून) आमच्या थोरल्या भावाच्या अंगावरून वारं गेलं. त्यालाबी काही होत नव्हतं.
सिस्टर: वारं जातं ते मेंदूची नस तुंबून, नाहीतर फुटून. बीपी वाढलेला राहिला की तो धोका वाढतो. म्हणून एकशे चाळीस-नव्वदच्या खाली ठेवायचा. वरचा आकडा पण, खालचा पण.
मामा: मग ही गोळी कायमची का?
सिस्टर: कमी करायची, बदलायची, थांबवायची, ते डॉक्टर ठरवतील. आपण आपल्या मनाने बंद करायची नाही.
मामा: आपल्या मनानं बंद करायची नाही.

ध्वनिपेटी

वाचून बघितलं, जीभ कुठे अडत नाही. "त्यालाबी काही होत नव्हतं" नंतर दोन सेकंद सोडा. "गोळीचा असर"मध्ये 'असर' ऐवजी 'गुण' चालेल का? कानाला अधिक घरचा वाटतो.

जाईजुई

'गुण' नको. 'गुण आला' म्हणजे आजार बरा झाला असं ऐकू येतं. 'गोळी अंगातून हळूहळू उतरते' म्हणा.

कडुनिंब

तेच म्हणा, वैद्यकीय दृष्टीनेही बरोबर आहे. 'मेंदूची नस'ही चालेल. बोलीत नस म्हणजे रक्तवाहिनीच, कुणाची फसगत होणार नाही.

एक भर घाला. लोक गोळी आपल्या मनाने बंद करतात त्याचं आणखी एक खरं कारण असतं, त्यांना गोळी बाधते. अम्लोडिपिनने काहींच्या घोट्याशी सूज येते. मामांना 'गोळी सोडू नका' एवढंच सांगितलं आणि त्यांचे पाय सुजलेले असले तर ते गोळीही सोडतील आणि केंद्रात यायचंही सोडतील. "गोळीने पाय सुजले किंवा काही त्रास वाटला तर घरी बसू नका, येऊन सांगा, दुसरी गोळी मिळते" हे सिस्टरने म्हणायलाच हवं. रक्त पातळ होण्याचा प्रश्न सोडला तरी हे सोडू नका.

जाईजुई

आणि "गोळ्या संपल्या" हेही. पुढच्या तारखेला मजुरीमुळे यायला जमत नाही, गोळ्या संपतात आणि महिना कोरडा जातो. ते काही मुद्दाम बंद करत नाहीत. मामांनी शेवटी कार्ड दाखवून तारीख विचारावी, सिस्टरने "गोळ्या संपायच्या दोन दिवस आधी या, तुम्हाला जमलं नाही तर घरच्या कुणाला कार्ड देऊन पाठवा" म्हणावं. पण घरच्या माणसाच्या हाती गोळ्या देतात की नाही हे केंद्रागणिक बदलतं, ते आधी तिथे विचारून घ्या.

सांजवाट

पाय सुजण्याचं आणि गोळ्या संपण्याचं दोन्ही घेते, त्यासाठी सुरुवातीचा पाऊस कापावा लागेल. घरच्यांच्या हाती गोळ्या देतात का ते सोमवारी केंद्रात जाऊन विचारते. १३०-१४० चं संस्थेच्या डॉक्टरांपुढे मांडते, हडसनकाठ यांचा मुद्दा जसाच्या तसा.

वऱ्हाडी मन

आणि बीपी वाढला की वाढलं, ते राहिलं.

सांजवाट

सिस्टर जी निवडलीय ती वाईची आहे. तिने पहिल्या वाचनात आपोआप 'वाढला' म्हटलं आणि मामा होणारे गृहस्थ 'वाढलं' म्हणतात. मला दोन्ही तसंच ठेवावंसं वाटतंय. ध्वनिपेटी, ऐकताना खटकेल का?